इमारतीचा डिरेक्टरी बोर्ड: चार मीटरवरून वाचता येईल असा मांडायचा कसा

इमारतीच्या लॉबीतला मजले आणि कार्यालयं दाखवणारा बोर्ड बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यात बनतो. सोसायटी नावांची यादी व्हॉट्सॲपवर पाठवते, बोर्डवाला ती ठरलेल्या मापाच्या पत्र्यात बसवतो आणि बोर्ड भिंतीवर जातो. मग लोक त्याच्यासमोर उभं राहून वॉचमनला विचारतात, "पतसंस्था कुठल्या मजल्यावर आहे?" या कामात नेमक्या चुका होतात त्या क्रमात. आधी बोर्डाचं माप ठरतं आणि मग त्यात अक्षरं कोंबली जातात. खरा क्रम उलटा आहे. माणूस कुठे उभा राहतो ते आधी, त्यावरून अक्षराची उंची, तिच्यावरून ओळीची उंची आणि सगळ्यात शेवटी बोर्डाचं माप.

पुढे एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवलं आहे. तळमजला आणि वर चार मजले, एकूण २२ गाळे आणि कार्यालयं. मुख्य दारापासून लिफ्टपर्यंत ९ मीटरची लॉबी, लिफ्टच्या डाव्या हाताला मोकळी भिंत. तळमजल्यावर ४ कार्यालयं, पहिल्यावर ५, दुसऱ्यावर ६, तिसऱ्यावर ५ आणि चौथ्यावर २.

## १. तासभर लॉबीत बसा

कॉम्प्युटर उघडण्याआधी कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला लॉबीत जा आणि वॉचमनकाकांच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. सोबत वही आणि मेजरिंग टेप असू द्या. वहीत दोन गोष्टी टिपायच्या आहेत.

पहिली म्हणजे लोक काय विचारतात, त्यांच्याच शब्दांत. यादीत कार्यालयाचं नाव असतं भलंमोठं नोंदणीकृत नाव, आणि येणारा माणूस विचारतो "दातांचे डॉक्टर", "आधारचं केंद्र", "वकीलसाहेब". बोर्डावर डॉक्टरांचं नाव आहे पण 'दंतवैद्य' हा शब्द नाही, तर ज्याला नाव आठवत नाही त्याच्यासाठी तो बोर्ड कोराच आहे. प्रत्येक ओळीत माणूस ज्या शब्दाने शोधतो तो शब्द आला पाहिजे.

दुसरी गोष्ट, लोक कुठे थबकतात. दारातून आत आल्यावर माणूस थेट बोर्डापर्यंत जात नाही. जिथे लिफ्टकडे जायचं की जिन्याकडे हे ठरवावं लागतं, तिथे त्याचा पाय अडखळतो आणि नजर भिंतीवर फिरते. त्या जागी खडूने जमिनीवर खूण करा आणि तिथून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. आपल्या उदाहरणात ते ४ मीटर भरलं. दारापासून ९ मीटर हे दुसरं अंतर. तिथून नावं वाचली जाणार नाहीत, पण 'इथे मजल्यांची यादी आहे' एवढं कळलं पाहिजे.

लिफ्टसाठी थांबलेली माणसं कुठे उभी राहतात तेही बघा. गर्दीच्या वेळी ती बोर्डाचा खालचा भाग झाकतात. ही एक नोंद पुढे संपूर्ण मांडणी बदलणार आहे.

तपासा: वहीत दोन अंतरं, गर्दीची जागा आणि लोकांच्या तोंडचे किमान दहा प्रश्न आहेत का? नसतील तर आणखी अर्धा तास बसा.

## २. यादी पक्की करा, लेखी

प्रत्येक गाळेधारकाकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: मराठी नाव, इंग्रजी नाव, दारावरचा क्रमांक. खाली सही घ्या. फोनवर ऐकलेलं शुद्धलेखन वापरू नका. आडनावातली ह्रस्व-दीर्घ वेलांटी चुकली की तो माणूस बोर्ड परत पाठवतो, आणि ते बरोबरच आहे.

मग यादी हातात घेऊन प्रत्येक मजल्यावर चालत जा आणि दारं तपासा. यादीत २०४ आहे आणि दारावर '२०४ अ' आहे, असं हमखास सापडतं. लिफ्टची बटणंही बघा. खाली पार्किंग असलेल्या इमारतीत पार्किंगला '०' आणि त्याच्या वरच्या मजल्याला '१' बटण असतं, पण सोसायटीच्या कागदावर त्याच मजल्याला तळमजला म्हणतात. अशा वेळी बोर्डावर बटणाचाच आकडा हवा. माणूस बोर्ड वाचून बटण दाबणार आहे, कागद बघून नाही.

आकडे देवनागरी घ्यायचे की इंग्रजी, याचा निकालही दारं आणि बटणंच लावतात. दारावर इंग्रजी आकडे असतील तर बोर्डावर तेच हवेत. देवनागरीच असतील तर फॉन्ट निवडताना १ आणि ९ एकमेकांशेजारी लिहून लांबून बघा, काही फॉन्टमध्ये हे दोन फार जवळ येतात.

नावं कापायची वेळ इथेच आहे. 'ॲडव्होकेट'चं 'ॲड.' करा, 'अँड असोसिएट्स' आणि 'प्रायव्हेट लिमिटेड' काढून टाकायला परवानगी मागा. मराठी नाव साधारण वीस अक्षरांच्या आत आलं तर पुढचं काम सरळ होतं. हे गाळेधारकांशी आत्ताच बोला, बोर्ड छापून आल्यावर नाही.

## ३. बाण कुठे लागतात ते ठरवा

माझं ठाम मत आधी सांगतो. लॉबीतल्या मुख्य बोर्डावर वरच्या मजल्यांच्या नावांपुढे बाण लावूच नका.

कारण साधं आहे. तिसऱ्या मजल्यावरचं कार्यालय लिफ्टमधून बाहेर पडल्यावर डावीकडे आहे. हे तळमजल्यावर उभ्या माणसाला बाणाने सांगितलं की तो त्याच क्षणी, तळमजल्यावरच, डावीकडे बघतो. तिथे असतो जिना नाहीतर स्वच्छतागृह. आणि तो बाणाचा खरा अर्थ समजला, तरी तिसऱ्या मजल्यापर्यंत तो लक्षात राहत नाही. बाण म्हणजे 'इथून, आत्ता, या दिशेला'. जो बाण हे सांगत नाही तो दिशाभूल करतो.

म्हणून एका बोर्डाचं काम तीन प्रकारच्या बोर्डांत वाटा.

मुख्य बोर्डावर मजला, दार क्रमांक आणि नाव. त्याच्या शेजारी तळमजल्याचा छोटा बोर्ड, ज्यावर तिथली चार कार्यालयं, लिफ्ट आणि जिना बाणांसकट. आणि प्रत्येक वरच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडताच समोर दिसेल असा एक बोर्ड, त्या मजल्यापुरते बाण घेऊन.

दुसऱ्या मजल्याचा बोर्ड असा दिसतो:

```
          दुसरा मजला  २
←  २०१  दंतवैद्य
←  २०२  कर सल्लागार
←  २०३  ॲड., नोटरी
        पतसंस्था     २०४  →
        विमा कार्यालय  २०५  →
        संगणक वर्ग    २०६  →
```

डावीकडचा बाण ओळीच्या डाव्या टोकाला, उजवीकडचा उजव्या टोकाला. आधी एका दिशेची सगळी नावं, मग दुसऱ्या दिशेची. क्रमांकाच्या हट्टापायी डावा-उजवा-डावा असं मिसळलं की प्रत्येक ओळीचा बाण वेगळा वाचावा लागतो. जिथे इमारतीचे क्रमांकच समोरासमोर विषम-सम दिलेले आहेत, तिथेही दिशेप्रमाणेच गट करा.

बाणाची उंची अक्षराच्या उंचीपेक्षा थोडी जास्त, सव्वा ते दीडपट ठेवा. दांडा अक्षराच्या रेघेइतका जाड आणि टोक रुंद, उघडं. बारीक दांड्याचा, शेपटीला वळण असलेला बाण चार मीटरवर नुसती रेघ दिसतो. बाण आणि त्याच्या जवळचा मजकूर यांच्यात एका अक्षरापेक्षा जास्त अंतर सोडू नका, नाहीतर तो शेजारच्या ओळीचा वाटतो.

वर टोक असलेला बाण 'सरळ पुढे' की 'वरच्या मजल्यावर', असा घोळ होतो. सरळ पुढे जायला सांगायचं असेल तर तो वापरा. जिन्यासाठी जिन्याचं चित्र आणि 'जिना' हा शब्द लिहा, बाण जिन्याच्या पायथ्याच्या दिशेचा द्या.

सावध: बाण ठरवायच्या आधी बोर्ड कुठल्या भिंतीवर लागणार ते लेखी पक्कं करा. एका कामात मी नकाशावरून डाव्या भिंतीसाठी बाण काढले. बसवायच्या दिवशी त्या भिंतीवर विजेचं पॅनेल आलेलं होतं, म्हणून बसवणाऱ्यांनी तोच बोर्ड समोरच्या भिंतीवर लावला. समोरच्या भिंतीवर गेला की डावं-उजवं पूर्ण उलटतं. दोन दिवस सगळे बाण चुकीच्या दिशेला लोकांना पाठवत होते, आणि त्यात गुडघे दुखत असलेल्या एका आजी पॅसेजच्या टोकापर्यंत जाऊन परत आल्या. तेव्हापासून मी प्रत्येक बाणाच्या बोर्डाच्या मागे मार्करने लिहितो: 'लिफ्टच्या समोरची भिंत. दुसरीकडे लावायचा असल्यास आधी फोन करा.'

## ४. अक्षराची उंची काढा

इथे सगळ्यात जास्त अंदाजपंचे होतं. हिशोब सोपा आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडचा तक्ता आठवा. ६ मीटरवरून वाचायच्या तक्त्यातली ६/६ ची ओळ साधारण पावणेनऊ मिलिमीटर उंचीची असते. म्हणजे चांगल्या नजरेचा माणूस, उत्तम उजेडात, पांढऱ्यावर काळं ठळक अक्षर, प्रयत्न करून, एवढं वाचतो. ४ मीटरला हीच मर्यादा पावणेसहा-सहा मिलिमीटरवर येते. पण लॉबीत येणाऱ्या कित्येकांची नजर ६/१२ ची असते, त्यांना याच्या दुप्पट लागतं. त्यात लॉबीचा मंद उजेड आणि चालता चालता वाचणं. शिवाय देवनागरी अक्षर तक्त्यातल्या इंग्रजी अक्षरापेक्षा दाट असतं. 'द्ध' किंवा 'ष्ट'मध्ये तेवढ्याच जागेत दुप्पट रेघा असतात. म्हणून मर्यादेच्या सव्वातीन-साडेतीन पट घेतली की वाचन आरामात होतं. ते सूत्र असं:

```
अक्षराची उंची (मिमी) = अंतर (मिमी) ÷ २००
```

४ मीटर म्हणजे ४००० मिमी, भागिले २००, उत्तर २० मिमी. नावांची उंची ठरली. ९ मीटरवरून दिसायला हवेत ते मजल्याचे आकडे ४५ मिमी निघतात. मी ते ६० घेतो, कारण नजर आधी त्यांच्यावरच बसली पाहिजे.

आता महत्त्वाचं: २० मिमी म्हणजे नेमकं काय? देवनागरीत मोजायची उंची म्हणजे शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून 'क'च्या तळापर्यंत. वरच्या मात्रा आणि खालचे उकार त्यात धरायचे नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये २० मिमीचे ५७ पॉइंट होतात म्हणून फॉन्टचा आकार ५७ टाकला तर 'क' २० मिमीचा येत नाही. फॉन्टच्या आकारात मात्रा-उकारांची जागा धरलेली असते, त्यामुळे 'क'चं अंग बरंच लहान निघतं, आणि किती लहान हे प्रत्येक फॉन्टमध्ये वेगळं असतं. म्हणून 'क' टाइप करा, कर्व्हमध्ये म्हणजे फॉन्टवर न अवलंबणाऱ्या रेषांच्या आकारात बदला, उंची मोजा आणि ती २० होईपर्यंत आकार वाढवा. जो पॉइंटचा आकडा येईल तोच सगळ्या नावांना द्या.

इंग्रजीत कॅपिटल अक्षराची उंची १८ मिमी पुरते. पण पूर्ण नाव कॅपिटलमध्ये लिहू नका, पहिलं अक्षर मोठं आणि बाकी लहान लिपी ठेवा, नाव ओळखायला सोपं जातं. मराठी अक्षर इंग्रजीपेक्षा लहान दिसता कामा नये. दुकानं-आस्थापनांच्या नामफलकांसाठी महाराष्ट्राच्या कायद्यात २०२२ मध्ये हाच नियम आला, आणि डिरेक्टरी बोर्डालाही ती शिस्त पाळलेली बरी.

## ५. फॉन्ट आणि जाडी

मुक्ता, हिंद, नोटो सॅन्स देवनागरी हे तिन्ही मोफत मिळतात आणि तिन्हींची घडण स्वच्छ आहे. जाडी मीडियम किंवा सेमीबोल्ड घ्या. एकदम बोल्ड घेतला की 'ष', 'क्ष', 'ध'मधल्या पोकळ्या लांबून बुजतात. लग्नपत्रिकेची वळणदार अक्षरं इमारतीच्या नावाला शोभतील, यादीत नाही.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजीत ते चालतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. अंतर हवंच असेल तर ते शब्दांमध्ये द्या. आणि जागा नाही म्हणून नाव आडवं दाबूही नका. एक लांब नाव ऐंशी टक्क्यांवर दाबलं की फक्त तेच वेगळं आणि बारीक दिसतं. नाव कापा, नाहीतर दोन ओळींत घ्या.

निवडलेल्या फॉन्टमध्ये हे शब्द लिहून बघा: 'कार्यालय', 'दुसऱ्या', 'कर्मचाऱ्यांची', 'ॲड.', 'शल्यचिकित्सक'. 'दुसऱ्या'मधला अर्धा र मराठी पद्धतीने आडवा आला पाहिजे, रफार होऊन 'दुसर्या' होता कामा नये. 'ॲ' तुटून 'अ'वर वेगळा चंद्र बसता कामा नये. 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा, शाळेत शिकवतात तसा येतो का, तेही बघा.

## ६. आता बोर्डाचं माप

एका ओळीला किती उंची लागते ते काढू. अक्षराचं अंग २०, वर मात्रा आणि रफारासाठी साधारण ८, खाली उकारांसाठी ८, आणि दोन ओळींमध्ये मोकळी जागा ८. बेरीज ४४ मिमी. इंग्रजी बोर्डाच्या सवयीने ३० मिमीवर ओळी ठेवल्या की वरच्या ओळीतला 'कू' आणि खालच्या ओळीतली 'र्की' एकमेकांत घुसतात.

मी आधी २२ च्या २२ नावं एकाच यादीत मांडून बघितली. नावांच्या ओळी ९६८ मिमी, मजल्यांमधली अंतरं प्रत्येकी ३६ मिमीची चार म्हणजे १४४, डोक्यावर इमारतीचं नाव ११०, वर-खाली समास १२०. एकूण १३४२. बोर्डाची वरची कड २१०० मिमीच्या वर नेली तर जवळ उभ्या माणसाला मान वर करावी लागते. म्हणजे खालची कड जमिनीपासून साडेसातशेवर आली. तळमजल्याची नावं सगळ्यात खाली, म्हणजे लिफ्टसाठी थांबलेल्यांच्या कमरेमागे. तासभर बसून टिपलेली नोंद इथे कामाला येते.

तळमजल्याची चार नावं आपण बाणांच्या छोट्या बोर्डावर नेलीच आहेत. त्यांच्या जागी मुख्य बोर्डात एकच ओळ राहते: 'तळमजला: आपण इथे आहात'. आता हिशोब असा:

- वरच्या मजल्यांच्या १८ ओळी: ७९२
- चार मजल्यांमधली तीन अंतरं: १०८
- तळमजल्याची ओळ आणि तिच्या वरचं अंतर: ८०
- इमारतीचं नाव: ११०
- वर-खाली समास: १२०

एकूण १२१० मिमी. वरची कड २१०० वर ठेवली की खालची ८९० वर येते. शेवटची ओळ थोडी खाली आहे, पण ती 'आपण इथे आहात' अशी आहे, ती झाकली गेली तरी कुणाचं काम अडत नाही.

रुंदीचे कप्पे डावीकडून असे: समास ६०, मजल्याचा आकडा १५०, मोकळे ३०, दार क्रमांक १००, मोकळे २०, मराठी नाव ४३०, मोकळे ४०, इंग्रजी नाव ३१०, समास ६०. बेरीज १२००. एसीपीची, म्हणजे दोन पातळ ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणजे २४४० बाय १२२० मिमी मिळते. १२०० बाय १२१० म्हणजे अर्धी शीट. उरलेल्या अर्ध्यात तळमजल्याचा आणि मजल्यांचे बोर्ड बसतात का ते कापण्याआधी कागदावर मांडून बघा.

मजले इमारतीत जसे आहेत तसेच लावा: चौथा वर, तळमजला खाली. वाचायचा क्रम म्हणून पहिला मजला वर लिहिला की नजरेला इमारत उलटी दिसते. मजल्याचा ६० मिमीचा आकडा त्या मजल्याच्या पहिल्या ओळीच्या पातळीला सुरू करा. चौथ्या मजल्यावर दोनच नावं आहेत, दोन ओळींचे ८८ मिमी मिळतात आणि आकडा मावतो. ज्या मजल्यावर एकच कार्यालय असेल तिथे तो मजल्यांमधल्या मोकळ्या जागेत घुसेल, अशा मजल्याला दोन ओळींची जागा द्या.

दार क्रमांक नावाच्या आधी, नावाला चिकटून. तो उजव्या टोकाला नेऊन मध्ये ठिपक्यांची रांग काढायची पद्धत आहे. चार मीटरवरून नजर त्या रांगेत एक ओळ खाली घसरते आणि माणूस शेजारच्याचं दार वाजवतो.

सावध: मजल्यांमधलं ३६ मिमीचं अंतर वाचवून बोर्ड लहान करायचा मोह होईल. करू नका. मजल्यांचे गट लांबून कळतात ते या मोकळ्या पट्ट्यांमुळेच. फार तर तिथे बारीक आडवी रेघ द्या, प्रत्येक नावाखाली नाही.

## ७. रंग आणि चमक

गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं किंवा पांढऱ्यावर काळी. गडद निळा, गडद राखाडी, काळा, यातला कुठलाही चालेल. सोनेरी पितळेवर कोरलेली, स्टीलवर स्टीलची उठावाची अक्षरं जवळून देखणी असतात, पण त्यात रंगाचा फरक जवळजवळ नसतोच, सगळं काम सावलीवर चालतं. दिवा समोरून आला की सावली जाते आणि नावंही.

पृष्ठभाग मॅट हवा. चकचकीत ॲक्रिलिकवर समोरच्या दाराचा उजेड आणि छताची ट्यूब आरशासारखी उमटते. पक्कं करण्याआधी त्याच मालाचा हातभर तुकडा त्या भिंतीवर धरा आणि खडूच्या खुणेवर उभं राहून बघा, एकदा दुपारी आणि एकदा दिवे लागल्यावर. आतून उजळणारा बोर्ड करत असाल तर पांढरी अक्षरं फुलल्यासारखी पसरतात. तिथे एक पायरी बारीक जाडी घ्या.

## ८. कागदावर चाचणी

हा टप्पा लोक सर्रास गाळतात आणि मग पत्रा वाया जातो.

आधी १:५ मापात ए-३ कागदावर छापा. बोर्ड २४० बाय २४२ मिमीचा येईल, तो ८० सेंटीमीटरवरून बघा. मांडणी, गट, मोकळी जागा इथे कळते. पण वाचनाचा निकाल यावर देऊ नका. चाळिशी लागलेल्या माणसाला ८० सेंटीमीटरवर चष्म्याचा वेगळाच भाग लागतो, आणि ४ मीटरवर वेगळा.

खरी चाचणी पूर्ण मापात. सगळा बोर्ड छापायची गरज नाही. सगळ्यात लांब नाव, सगळ्यात दाट जोडाक्षरांचं नाव आणि एक मजल्याचा आकडा, एवढंच तुकड्या-तुकड्यांत छापा आणि खऱ्या उंचीवर चिकटवा. खडूच्या खुणेवर साठी ओलांडलेल्या दोघांना उभं करा. "वाचता येतंय का?" असं विचारू नका, हो म्हणतील. "संगणक वर्ग कितव्या मजल्यावर आहे?" असं विचारा आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा. डोळे बारीक केले किंवा एक पाऊल पुढे टाकलं, तर अक्षर लहान आहे.

## ९. फाइल द्या, पण डोळ्यांनी तपासून

फाइल कटिंगला किंवा छपाईला जाताना सगळा मजकूर कर्व्हमध्ये बदललेला असावा. नाहीतर दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसतो आणि वेलांट्या अक्षराच्या पुढे जाऊन बसतात. कर्व्हमध्ये बदलतानाही कधी कधी जोडाक्षर तुटतं, म्हणून बदलण्याआधीचं चित्र वेगळं जपा आणि दोन्ही शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा. जुन्या शिवाजी, कृतिदेव यांसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमधून मजकूर रूपांतरित केला असेल तर हे दुप्पट काळजीने करा.

व्हिनाइल कापून चिकटवायचं असेल तर अनुस्वारांवर नजर ठेवा. २० मिमीच्या अक्षरावरचा अनुस्वार जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा ठिपका असतो. जादा व्हिनाइल सोलताना तो सोबत निघून येतो, आणि उरलेला पुढे सफाईच्या फडक्याने जातो. मग 'पतसंस्था'ची 'पतसस्था' होते आणि 'केंद्र'चं 'केद्र'. या मापात कापण्यापेक्षा यूव्ही छपाई केलेली चांगली, ठिपका पृष्ठभागाचाच भाग होतो.

नावं एकसंध पत्र्यावर घेऊ नका. प्रत्येक नावाची वेगळी पट्टी ॲल्युमिनियमच्या खाचेत सरकवता येईल अशी रचना घ्या. ४४ मिमीची ओळ म्हणजे ४४ मिमीची पट्टी, खाचेची जाडी धरून मांडणी पुन्हा एकदा मोजा. गाळे बदलतात. पट्टी नसली की जुन्या नावावर छापील स्टिकर येतो, तो वेगळ्या फॉन्टमध्ये आणि वाकडा, आणि वर्षभरात बोर्डावर चार प्रकारची अक्षरं होतात.

## १०. बसवताना

भिंतीवर आधी कागदाचा चौकोन चिकटवा आणि लिफ्टच्या दाराची कड, फायर अलार्मचं बटण, स्विच बोर्ड यांच्यापासून मोकळं अंतर आहे का बघा. लिफ्टचं दार किंवा शटर उघडल्यावर बोर्ड झाकला जात नाही ना? एसीपी स्क्रूने किंवा स्टडने बसवा. नुसत्या दुहेरी टेपवर एवढा बोर्ड पावसाळ्यात ओल्या भिंतीवरून सुटतो. लेव्हल लावून बघा, कारण शिरोरेषांच्या अठरा ओळींमुळे दोन मिलिमीटरचा तिरकेपणाही डोळ्यात भरतो.

मग बाणांची शेवटची तपासणी. प्रत्येक बाणाच्या बोर्डासमोर उभं राहा, वाचा, आणि बाण दाखवेल तिकडे खरंच चालत दारापर्यंत जा. चारही मजल्यांवर, लिफ्टने आलेला माणूस म्हणून एकदा आणि जिन्याने आलेला म्हणून एकदा. जिना पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला निघत असेल तर लिफ्टसमोरचा बोर्ड त्या माणसाला दिसणारच नाही. तिथे एक छोटा बोर्ड वेगळा लावावा लागतो, आणि त्याचे बाण लिफ्टसमोरच्या बोर्डावरून उतरवायचे नाहीत, जिन्यात उभं राहून नव्याने काढायचे.

पट्ट्यांची फाइल, फॉन्टचं नाव, जाडी, पॉइंटचा आकडा आणि रंगाचा क्रमांक एका कागदावर लिहून सोसायटीच्या कार्यालयात ठेवा. त्याची एक प्रत वॉचमनकाकांच्या टेबलाच्या खणात ठेवा, कारण नवा गाळेधारक पट्टी मागायला आधी तिथेच येतो.